लाइट होती, तरी संगणक बंद पडले

गावाला वीज पुरवणाऱ्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालकाच्या टेबलावर एक मोठी नोंदवही असते. प्रत्येक फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी ११ केव्हीची प्रत्येक वाहिनी, केव्हा चालू झाली, केव्हा बंद झाली, कशामुळे बंद झाली आणि तासातासाला तिच्यावर किती अँपिअर भार होता, हे तिच्यात लिहिले जाते. गावच्या शाळेतही एक वही असते, संगणक-कक्षाची दुरुस्ती नोंदवही. तिच्यात तारीख, यंत्राचा क्रमांक आणि बहुतेक वेळा एकच शेरा असतो: ‘बंद पडला’. या दोन वह्या सहसा एकमेकींना कधी भेटत नाहीत. त्या शेजारी ठेवल्या तर काय कळते, आणि घाईने ठेवल्या तर कशी फसगत होते, हे एका शाळेच्या गोष्टीतून पाहता येते. गोष्ट समजावण्यासाठी रचलेली आहे आणि तिच्यातले मोजणीचे आकडे त्या शाळेपुरते आहेत. त्यांमागची विजेची कारणे मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतशिवारात भेटतात.

शाळा आणि तिची वीज

शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची, गावाच्या कडेला शेतांना लागून असलेली. कक्षात दहा संगणक आणि प्रत्येकाला ६०० व्हीएचा एक छोटा यूपीएस. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते बारा हा संगणकाचा तास. शाळेची वीजजोडणी जवळच्या खांबावरून घेतलेली होती, आणि तो खांब गावठाणाच्या नव्हे, शेतीपंपांच्या डीपीचा होता. ही गोष्ट शाळेत कोणाला खटकली नव्हती, कारण दिवे लागत होते.

या डीपीला वीज देणारा फीडर मिश्र होता. अशा फीडरवर पंपांसाठी थ्री फेज वीज आळीपाळीने देतात, इथे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, साधारण आठ तास. उरलेल्या वेळात ‘सिंगल फेज’ असते. तिच्यावर घरातले दिवे-पंखे चालतात, पण थ्री फेजचे पंप चालत नाहीत. दिवसाच्या आठवड्यात थ्री फेज सकाळी साडेनऊला येई आणि संध्याकाळी साडेपाचला जाई.

जून ते जानेवारी या काळात कक्षात चौदा बिघाड झाले. दुरुस्तीवाला तालुक्याहून येई, यंत्र घेऊन जाई, दहा-बारा दिवसांनी परत आणी. मुख्याध्यापकांचे मत होते की मुले बटणे वाटेल तशी दाबतात. दुरुस्तीवाल्याचे मत होते की खोलीत धूळ फार आहे. संगणकाचा तास घेणाऱ्या बाईंचा संशय विजेवर होता, पण त्याला आधार नव्हता.

पहिली जुळणी आणि तिच्यातली चूक

मुख्याध्यापकांच्या सहीने वीज वितरण कंपनीच्या उपविभागीय कार्यालयाला अर्ज गेला. ‘आमच्याकडे लाइट नीट नसते’ अशी तक्रार त्यात नव्हती. फीडरचे नाव, १५ जून ते ३१ जानेवारी हा कालावधी, चालू-बंद होण्याच्या वेळा, कारणे आणि थ्री फेजचे वेळापत्रक, एवढेच नेमके मागितले होते. मागणी नेमकी असली की ती पुरवणेही सोपे जाते. नकार आला असता तर सरकारी मालकीच्या कंपनीकडून हीच माहिती माहितीच्या अधिकारात मागता आली असती. २००५ च्या त्या कायद्यानुसार तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. इथे ती वेळ आली नाही. तीन आठवड्यांनी वहीच्या पानांच्या छायाप्रती मिळाल्या.

बाईंनी चौदाही तारखा घेतल्या आणि प्रत्येकीच्या मागे पुढे पाहिले. त्या दिवशी किंवा आदल्या दोन दिवसांत लाइट गेली होती का? चौदाच्या चौदा वेळा गेली होती. प्रश्न सुटला असे वाटण्याजोगी ही जुळणी होती.

गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्याने एकच विचारले: “ज्या दिवशी काहीच बिघडलं नाही, त्या दिवसांचं काय?” पुन्हा मोजल्यावर दिसले की शाळेच्या १५० दिवसांपैकी ११२ दिवशी फीडर एकदा तरी बंद पडला होता. म्हणजे चार दिवसांतला साधारण एकच दिवस अखंड विजेचा. सलग तीन दिवस अखंड वीज मिळण्याची शक्यता ढोबळमानाने एक चतुर्थांश गुणिले एक चतुर्थांश गुणिले एक चतुर्थांश, म्हणजे चौसष्टात एक. वहीतली कोणतीही तारीख डोळे मिटून उचलली असती, तरी तिच्या आगेमागे लाइट गेलेली सापडलीच असती. रोज घडणारी गोष्ट कशाशीही जुळते. त्या जुळण्यातून काहीच सिद्ध होत नाही.

जुळणीत आणखी एक खोट होती. दुरुस्ती नोंदवहीतली तारीख बिघाड झाल्याची नसते, तो लक्षात आल्याची असते. मंगळवारी सकाळी बंद आढळलेला संगणक शुक्रवारच्या तासानंतर केव्हाही गेलेला असू शकतो. म्हणून तारखेच्या जागी ‘शुक्रवार दुपार ते मंगळवार सकाळ’ असा कालखंड लिहायला हवा होता.

बिघाडांची वर्गवारी

दुसरी पायरी वीज बाजूला ठेवून सुरू झाली. ‘बंद पडला’ या एका शेऱ्याखाली किती वेगवेगळे आजार दडले आहेत, हे दुरुस्तीच्या बिलांवरून पाहिले. आठ वेळा संगणकाला वीज मिळत होती, पंखा फिरत होता, पण विंडोज सुरू होत नव्हते. दुरुस्तीवाल्याने ते नव्याने भरले होते आणि दोनदा हार्ड डिस्क बदलली होती. पाच वेळा यंत्र पूर्ण निर्जीव होते आणि त्याचा एसएमपीएस, म्हणजे पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा, जळाला होता. उरलेला एक बिघाड उंदराने कुरतडलेल्या वायरीचा होता. तो यादीतून काढला.

ही वर्गवारी पुढच्या सगळ्या शोधाचा कणा ठरली. विंडोज बिघडणे आणि एसएमपीएस जळणे यांची कारणे वेगळी असू शकतात. दोन्ही एकाच ढिगात ठेवली तर एकाचा नमुना दुसऱ्यात मिसळून दिसेनासा होतो.

लाइट होती

विंडोजच्या आठ बिघाडांपैकी फक्त एक जून ते सप्टेंबरमध्ये झाला होता. सात ऑक्टोबर ते जानेवारीत होते. या चार महिन्यांत दिवाळीची सुटी वगळून तासाचे चौदा आठवडे भरले, सात दिवसाच्या थ्री फेजचे आणि सात रात्रीच्या. सातांपैकी सहा बिघाड दिवसाच्या आठवड्यांत पडले.

हा कल लक्षात येण्याजोगा आहे, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. नाणे सात वेळा उडवले तर सहा किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सोळात एक असते. सोळात एक म्हणजे दुर्मीळ खरे, अशक्य नाही. पुरावा आणखी हवा होता, आणि तो संगणकांच्याच पोटात साठलेला होता.

विंडोज आपल्या घडामोडींची नोंद ठेवते. नीट बंद न करता संगणकाची वीज तुटली, तर पुढच्या वेळी सुरू होताना ते 6008 क्रमांकाची नोंद करते आणि मागच्या वेळी यंत्र किती वाजता अचानक थांबले तेही त्या नोंदीत लिहिते. सोबत बहुधा 41 क्रमांकाची, Kernel-Power या नावाची नोंदही असते. `eventvwr.msc` उघडून System या भागात या नोंदी पाहता येतात. एकदम काढायच्या असतील तर ही आज्ञा पुरते:

```
wevtutil qe System /q:"*[System[(EventID=6008)]]" /f:text /rd:true
```

इथेही एक सापळा होता. तीन संगणकांच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती, त्यामुळे त्यांचे घड्याळ दर वेळी मागे जाई आणि नोंदींवर भलतीच वर्षे दिसत. त्या तिघांच्या नोंदी सोडून दिल्या. विंडोज नव्याने भरलेल्या यंत्रांच्या जुन्या नोंदीही पुसल्या गेल्या होत्या, म्हणून एकूण आकडा खऱ्यापेक्षा कमीच मिळणार होता.

उरलेल्या सात संगणकांत ऑक्टोबर ते जानेवारीच्या ४३ नोंदी सापडल्या. त्यांतल्या ३६ दिवसाच्या आठवड्यांतल्या होत्या, आणि त्या ३६ पैकी ३० सकाळी ११:१० ते ११:४० या अर्ध्या तासातल्या. मग या वेळा उपकेंद्राच्या वहीशी ताडून पाहिल्या. बहुतेक वेळांना फीडर चालू होता. लाइट गेलेलीच नव्हती. फीडर ट्रिप होण्याच्या घटनाही दोन्ही प्रकारच्या आठवड्यांत जवळजवळ सारख्या होत्या, ३१ आणि २९.

वीज होती आणि तरीही संगणक वीज तुटल्यासारखे बंद पडले होते. लाइट जाते म्हणून संगणक बिघडतात, हा पहिला तर्क इथे संपला. फीडरची वही मात्र दुसऱ्या वाटेने उपयोगी पडली. तिच्यातल्या चालू-बंदच्या वेळांतून काही निघाले नव्हते, थ्री फेजच्या वेळापत्रकातून निघाले.

किती व्होल्ट

उपकेंद्राची वही वाहिनीच्या सुरुवातीचा दाब सांगते. शाळेच्या बोर्डापर्यंत तो किती उरतो, हे तिला माहीत नसते. म्हणून एक साधा मल्टिमीटर आणला गेला आणि दिवसातून तीनदा, साडेदहा, अकरा आणि साडेपाचनंतर, कक्षातल्या सॉकेटचा व्होल्टेज लिहून ठेवायचा क्रम सुरू झाला. मल्टिमीटर एसी व्होल्टवर आणि योग्य पट्ट्यात लावायचा आणि त्याच्या टोकांना फक्त मोठ्यांनी हात लावायचा, हा नियम पहिल्या पानावर लिहिला होता.

दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. रात्रीच्या आठवड्यात सकाळी अकराला २३१ व्होल्ट. दिवसाच्या आठवड्यात त्याच वेळी १६८, कधी १६०. साडेपाचनंतर, पंप थांबले की पुन्हा २३६. घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये असावा, असा दंडक आहे.

कारण डीपीवरच होते. रोहित्र ६३ केव्हीएचे होते. ते पूर्ण भारावर प्रत्येक फेजला साधारण ८५ अँपिअर देऊ शकते. त्यावर पाच अश्वशक्तीचे बारा पंप होते आणि अशा एका पंपाला सात ते आठ अँपिअर लागतात. बारा पंप एकदम चालले की नव्वद अँपिअर झाले. त्यात तारांची लांबी भर घालते, आणि शाळा त्या वाहिनीच्या टोकाला होती. पावसाळ्यात दिवसाची थ्री फेज असूनही पंप बंद असत, म्हणून तेव्हा दाब उतरत नसे. जून ते सप्टेंबरमध्ये एकच बिघाड का, याचे उत्तर इथे मिळाले. ऑक्टोबरपासून रब्बीचे पाणी सुरू झाले आणि बिघाडही सुरू झाले.

या यूपीएसवर चालण्याची मर्यादा १६५ ते २७५ व्होल्ट अशी छापलेली होती. दाब १६५ च्या खाली गेला की तो बाहेरची वीज नाकारतो आणि बॅटरीवर जातो. वर्गात हे ऐकूही येते. आत रिले टक् करून पडतो आणि मग ठरावीक अंतराने पीं पीं सुरू होते. दिवसाच्या आठवड्यात यूपीएस एकामागून एक बोलू लागत. ‘बाई, चिमण्या बोलायला लागल्या,’ असे मुले म्हणत. दिवे मिणमिणते का होईना लागलेले असत, पंखे हळू का होईना फिरत असत, त्यामुळे संगणक बॅटरीवर चालले आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

अशा यूपीएसमध्ये बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाची बॅटरी असते. नवी असताना ती एक संगणक आणि त्याचा पडदा पंधरा-वीस मिनिटे चालवते. पुन्हा पूर्ण भरायला तिला काही तास चांगली वीज लागते. दिवसाच्या आठवड्यात ती आठ तास मिळतच नसे. अर्धवट भरलेली शिशाची बॅटरी पुन्हा पुन्हा तळाला गेली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. डिसेंबरपर्यंत बहुतेक बॅटऱ्या तीन-चार मिनिटांवर आल्या होत्या. अकराला तास सुरू झाला, मुलांनी यंत्रे चालू केली, ती बॅटरीवर चालली, आणि सव्वाअकराच्या आसपास एकेक पडदा काळा झाला. हार्ड डिस्कवर काही लिहिले जात असताना, विशेषतः विंडोज स्वतःचे अपडेट बसवत असताना, वीज अशी तुटली की फाइली अर्धवट राहतात. दहा वेळा काही होत नाही, अकराव्यांदा यंत्र उठत नाही. अचानक बंद पडण्याच्या नोंदी ४३ आणि नंतर आलेले बिघाड सात, या दोन आकड्यांतला फरक यातूनच येतो.

जळालेले पाच डबे

एसएमपीएसच्या पाच बिघाडांना हे स्पष्टीकरण लागू पडत नव्हते. ते दिवसाच्या आणि रात्रीच्या आठवड्यांत दोन आणि तीन असे विखुरलेले होते. ट्रिपशीही त्यांचा संबंध दिसत नव्हता. पण यंत्रांचे क्रमांक लिहिले तेव्हा एक गोष्ट समोर आली. पाचही बिघाड चारच संगणकांत झाले होते, एकात दोनदा. या चार संगणकांचे यूपीएस ऑगस्टमध्ये बॅटरी संपली म्हणून काढून ठेवले होते, आणि दुरुस्तीवाल्याने ती यंत्रे थेट बोर्डाला जोडून दिली होती.

थेट जोडलेले संगणक जळतात आणि यूपीएसमागचे वाचतात, याचा अर्थ तारेतून काही तरी जास्तीचे येत होते. फीडरच्या वहीत मात्र त्या दिवसांत काहीच नव्हते, आणि असणारही नव्हते. ती वही ११ केव्हीच्या बाजूची आहे. डीपीच्या पुढे खांबावर, फ्यूजपेटीत किंवा जोडात काय झाले ते उपकेंद्राला दिसत नाही. ते कळते वायरमनकडच्या तक्रारवहीतून, जिथे गावकरी फ्यूज गेल्याची वर्दी देतात. तिच्यात त्या पाच कालखंडांपैकी चारांत एकाच प्रकारची तक्रार होती: ‘काही घरांत लाइट फार मोठी, काही घरांत डिम’.

ही न्यूट्रल सैल झाल्याची ओळखीची खूण आहे. घराला मिळणारे २३० व्होल्ट हे एक फेज आणि न्यूट्रल यांच्यातले असतात. दोन फेजमध्ये मात्र ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रलचा जोड तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे नकळत एकामागे एक जोडली जातात आणि हे ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. ही वाटणी समान नसते. समजा, एका फेजवर १००० वॉटचा भार आहे आणि दुसऱ्यावर ५०० वॉटचा. कमी भाराच्या बाजूचा विरोध दुप्पट असतो, म्हणून तिच्या वाट्याला दुप्पट दाब येतो, सुमारे २६७ व्होल्ट. जास्त भाराच्या बाजूला १३३ उरतात. एका घरात बल्ब पांढराफटक, शेजारच्या घरात तांबूस, असे दिसते ते यामुळे. शाळा सुटल्यावर शाळेच्या फेजवर भार जवळजवळ नसे. जास्तीचा दाब तिच्याच वाट्याला येई.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मीटरने ते दाखवले. बोर्डावर २८७ व्होल्ट होते आणि रस्त्यापलीकडच्या घरातला दिवा मंदावलेला होता. एसी दाबाचे शिखर त्याच्या आकड्याच्या १.४१४ पट असते. २३० व्होल्टला ते ३२५ होते, २८७ ला ४०६. साध्या एसएमपीएसमध्ये प्रत्येकी २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकामागे एक बसवलेले असतात, म्हणजे सहनशक्ती ४००. संगणक बंद असला तरी प्लगचे बटण चालू राहिले की हे कपॅसिटर दाब सोसत राहतात, आणि एखाद्या रात्री फुगतात किंवा फुटतात. यूपीएस २७५ व्होल्टच्या वर बाहेरची वीज तोडतो. उरलेले सहा संगणक त्यामुळे वाचले होते.

त्याच संध्याकाळी वायरमनला फोन गेला. “मॅडम, सगळ्या वर्गांची मेन बंद करा, मी आलोच,” एवढेच तो म्हणाला, आणि अशा वेळी करायचे तेवढेच असते. त्याने फीडर बंद करून घेतला आणि डीपीवर चढला. न्यूट्रलच्या बोल्टशी ॲल्युमिनियमची तार आणि तांब्याची पट्टी थेट एकमेकींवर कसलेली होती. या दोन धातूंचा जोड ओलाव्यात गंजतो, सैल होतो आणि तापतो. तो काळा पडला होता. जोड साफ करून मधे दोन्ही धातूंना चालणारा लग बसवला, आणि दाब २३४ वर आला. हे काम वायरमनचेच आहे. तुटक्या न्यूट्रलच्या तारेवरही जीवघेणा दाब असू शकतो.

उपाय आणि त्यांची परीक्षा

दोन आजारांना दोन उपाय लागले. जास्तीच्या दाबासाठी कक्षाच्या बोर्डावर कमी आणि जास्त, दोन्ही दाबांना वीज तोडणारे कटऑफ यंत्र बसवले. वीज परतल्यावर ते तीन मिनिटे थांबून मगच जोडते. चारही यूपीएस नव्या बॅटऱ्यांसह परत आले, आणि तास संपला की प्लगची बटणे बंद करण्याचे काम एका विद्यार्थ्याकडे दिले.

कमी दाबाचा उपाय वेळापत्रकात होता. शनिवारी शाळा सकाळची असते आणि थ्री फेज साडेनऊशिवाय येत नाही. दिवसाच्या आठवड्यांत संगणकाचे दोन्ही तास शनिवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ घेतले. शिवाय एक नियम झाला: पहिली चिमणी बोलली की काम साठवायचे आणि यंत्र नीट बंद करायचे. मोठा स्टॅबिलायझर घ्यावा असेही सुचवले गेले होते. पण तो आतला दाब वाढवताना तारेतून जास्त प्रवाह ओढतो, म्हणून आधीच वाकलेल्या वाहिनीवर त्याचा भार पडतोच. शाळेची जोडणी गावठाणाच्या डीपीवर हलवावी, असा अर्ज मीटरच्या तीन आठवड्यांच्या नोंदींसह कंपनीकडे गेला. त्यासाठी नवे खांब आणि तार लागणार असल्याने तो अंदाजपत्रकाच्या रांगेत लागला.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकही बिघाड झाला नाही. मुख्याध्यापकांनी प्रश्न मिटल्याचे पत्र लिहायला घेतले, तेव्हा बाईंनी थांबवले. उन्हाळ्याकडे विहिरी आटतात आणि पंप थोडा वेळच चालतात, त्यामुळे उपाय केला नसता तरी बिघाड कमी झाले असते. तुलना करायची तर पुढच्या ऑक्टोबर ते जानेवारीची, त्याच पिकाच्या आणि त्याच आळीपाळीच्या महिन्यांची.

ते चार महिने आले आणि गेले. अकराच्या सुमाराला बोर्डावर अजूनही १६५-१७० व्होल्टच दिसत होते, डीपी तोच होता, पंपही तेच. दहा संगणकांच्या नोंदवहीत त्या काळात दोन नोंदी झाल्या. एक विंडोजच्या बिघाडाची, तीही तास शनिवारी न घेता मंगळवारी घेतला त्या दिवसाची. दुसरी पुन्हा उंदराची.